मदत हवी आहे : दाढेची सूज जबड्याखाली उतरलीय, आत्ता सोलापुरात कुठे न्यावं?

आई, वय ५८, शुगर आहे. खालची उजवी दाढ चार दिवस ठणकतेय. परवा डेंटिस्टनी अमॉक्सिसिलिन आणि पेनकिलर दिली, सूज उतरल्यावर दाढ काढू म्हणाले. गोळ्या वेळेवर चालू आहेत, शेक दिलेला नाही. तरी गालावरची सूज आज जबड्याखाली उतरली. हात लावला तर लाकडासारखी कडक लागते. ताप १०२. दुपारी चमचा जात होता, आता तोंडात एक बोट जेमतेम जातं. थुंकी गिळता येत नाही म्हणून हातात रुमाल धरून बसलीय, आवाजही घोगरा झालाय. श्वास अजून ठीक आहे, पण आडवं झालं की कोंडतं म्हणते.

डेंटिस्टना फोन केला. पू जिभेखाली पसरून श्वासनलिका दाबली जाऊ शकते, नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, सकाळची वाट बघू नका म्हणाले. आम्ही जुळे सोलापुरातून निघतोय, तिला बसवूनच आणतोय. रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं सोबत आहेत. पेनिसिलिनची अॅलर्जी नाही.

वाटेत फोन बघतोय, तोवर सिव्हिलच्या कॅज्युअल्टीकडेच गाडी वळवलीय. रात्री तिथे पू काढणारे जबड्याचे किंवा कान-नाक-घशाचे सर्जन आणि भूलतज्ज्ञ लगेच मिळतात का, की ही सोय आणि आयसीयू असलेलं त्याहून जवळचं हॉस्पिटल कुणाला खात्रीने माहीत आहे?