मदत हवी आहे: स्पिरुलिना, नोरी, सोया दूध सगळं चालू, तरी बी-12 चा हिशेब लागत नाही

आबोली_फोंडा
मुलगी 22 वर्षांची. आमचं घर शिवराकच, पण तीन वर्षांपूर्वी तिने दूध-दहीही सोडलं. महिन्याभरापासून तळपायांना मुंग्या येतात म्हणून तपासण्या केल्या. बी-12 आलं 242. लॅबच्या कागदावर 211 ते 911 लिहिलंय, म्हणजे नॉर्मल. हिमोग्लोबिन 12.1, तांबड्या पेशींचा सरासरी आकार सांगणारं एमसीव्ही 84. फेरिटिन मात्र 9, आणि होमोसिस्टीन 27, जे 15 पर्यंत हवं.
ती रोज स्पिरुलिनाच्या 500 मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या घेते. डबीवर बी-12 भरपूर लिहिलंय. आठवड्यातून दोनदा नोरी या वाळवलेल्या समुद्री शेवाळाचं एक पान, रोज 200 मि.लि. सोया दूध, घरची आंबील आणि रेशनचा भात. एवढं असताना कमी कसं? आणि कमी नसेल तर होमोसिस्टीन का वाढलं?

खाजन_बांध
नाचणीची आंबील, इडलीचं आंबवलेलं पीठ यांत बी-12 असतंच की. ते जंतूच तयार करतात. आमच्या आज्या पेज-आंबिलीवर नव्वदी गाठत, कुणी गोळी घेतली? हल्ली भाज्या फार धुतात, मातीतलं बी-12 जातं. माझ्या मते जेवणच सुधारा.

बांबोळीचा_सूक्ष्मदर्शक
खाजन, अर्धं बरोबर आहे. बी-12 फक्त जीवाणू आणि त्यांच्यासारखे सूक्ष्मजीव बनवतात. झाडाला ते लागत नाही, म्हणून झाड ते ना बनवतं, ना साठवतं. पण सगळे जीवाणू ते बनवत नाहीत. आंबील आणि इडलीचं पीठ आंबवणाऱ्यांतले बरेचसे स्वतःच वाढायला बी-12 बाहेरून घेणारे. त्यामुळे आंबिलीवर भरवसा ठेवता येत नाही. न धुतलेल्या भाजीतून मिळालंच तर लेशमात्र, सोबत जंत फुकट. आणि आज्यांच्या पेजेबरोबर ताटात बांगडा होता, निदान सोमवार सोडून.

आता आबोलीताईंचा मुद्दा. स्पिरुलिनात जे असतं त्यातलं बहुतेक खरं बी-12 नसतं. रेणू जवळजवळ तोच, पण त्याचा खालचा एक तुकडा वेगळा. आपल्या जठरातून एक प्रथिन येतं, ते बी-12 ला धरून आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत नेतं. हा नकली रेणू त्याच्या हातात नीट बसत नाही, आणि पेशींच्या कामाचाही नाही. मग डबीवर आकडा कुठून आला? जुनी पद्धत अशी की नमुना लॅक्टोबॅसिलस जातीच्या जीवाणूला खायला घालायचा आणि तो किती वाढला त्यावरून बी-12 मोजायचं. हा जीवाणू खरं-नकली दोन्हीवर वाढतो. आकडा खोटा नसतो, तो जीवाणूच्या उपयोगाचा असतो.

रक्ताच्या तपासणीतही तसाच फसवा भाग आहे. रक्तातलं बी-12 दोन वाहकांवर असतं. पेशींना देणाऱ्या वाहकावर जेमतेम पाव हिस्सा, बाकी सगळं दुसऱ्यावर, आणि तो दुसरा नकली रेणूंनाही बसवून घेतो. एकूण 242 मधलं कामाचं किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. 200 ते 300 म्हणजे संशयाचीच पट्टी, लॅबची रेघ कुठेही असो. होमोसिस्टीन पुढचं सांगतं: ते मार्गी लावायला बी-12 लागतं, तुटवडा पडला की ते साचतं. अर्थात फोलेट कमी, मूत्रपिंड किंवा थायरॉईडचा त्रास असला तरी वाढतं, म्हणून शक्य असेल तर बी-12 कमी पडलं की रक्तात वाढणारं मिथाइलमॅलोनिक आम्लही मोजून घ्या. हे सगळं गोळी सुरू करण्याआधी, कारण नंतर आकडे बदलतात.

एमसीव्ही 84 वरही विसंबू नका. बी-12 कमी झालं की तांबड्या पेशी मोठ्या होतात, लोह कमी झालं की लहान. फेरिटिन 9 म्हणजे लोह संपलेलंच. दोन्ही मिळून सरासरी ‘नॉर्मल’.

पाटो_ते_पणजी
होमोसिस्टीन वाढलंय तर फॉलिक अ‍ॅसिडची गोळी द्या ना. स्वस्त असते, कुठल्याही फार्मसीत मिळते.

बांबोळीचा_सूक्ष्मदर्शक
एकटी देऊ नका. फॉलिक अ‍ॅसिडने रक्ताचे आकडे सुधारतात, पण बी-12 कमी असेल तर मज्जातंतूंची हानी चालूच राहते आणि वरून सगळं छान दिसतं. तळपायांना मुंग्या आहेत, म्हणजे हे धाग्यावर सोडवायचं प्रकरण नाही. या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. अंधारात चालताना तोल जातो का, पायाच्या अंगठ्याची कंप जाणवण्याची क्षमता कमी झालीय का, हे ते तपासतील. इंजेक्शन की रोज 1000 मायक्रोग्रॅमची गोळी, तेही त्यांनी ठरवावं. मुंग्या असल्या आणि तोल जात असला की बरेच डॉक्टर सुरुवात इंजेक्शनने करतात.

हणजुणे_वारा
नोरीला स्पिरुलिनाच्या टोपलीत टाकू नका. जपानी संशोधकांना जांभळ्या शेवाळात खरं बी-12 सापडलंय, सुक्या 100 ग्रॅमला 70 मायक्रोग्रॅमच्या वर. हणजुणेच्या खडकांवरही शेवाळ येतं, ते सुकवून खाल्लं तर?

बांबोळीचा_सूक्ष्मदर्शक
नोरीबद्दल तुमचं म्हणणं बरंचसं मान्य. पण एक पान साधारण 3 ग्रॅम. तुमचाच आकडा धरला तर पानात 2 मायक्रोग्रॅम, आणि मुलगी खाते आठवड्यातून दोन पानं. म्हणजे दिवसाला जेमतेम अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास. शिवाय जात, वाळवण्याची पद्धत, प्रत्येक खेप यांप्रमाणे प्रमाण बदलतं, आणि पाकिटावर कोणी छापत नाही. 1991 मध्ये नेदरलँड्समध्ये बी-12 कमी असलेल्या मुलांवर प्रयोग झाला. नोरी आणि स्पिरुलिना खाऊन त्यांच्या रक्तातला बी-12 चा आकडा वाढला, पण तांबड्या पेशींचा आकार मात्र आणखी बिघडला. त्यानंतरच्या काही छोट्या चाचण्यांत नोरीने फायदा दिसला, हेही खरं. पण मुंग्या आलेल्या मुलीवर हा वाद सोडवायचा नाही.
हणजुणेला खडकांवर जे तपकिरी सरगॅसम दिसतं ते नोरीचं कुळच नव्हे. किनाऱ्यावरचं काहीही उचलून खाऊ नका. तपकिरी शेवाळात आयोडीन बेसुमार असू शकतं, तो वेगळा घोळ.

आबोली_फोंडा
आत्ता पाकिटं काढून बघितली. आधीच्या सोया दुधावर 100 मि.लि.ला 0.5 मायक्रोग्रॅम बी-12 होतं. गेलं वर्षभर आणतो त्याच कंपनीच्या बिनसाखरेच्या पाकिटावर ती ओळच नाही! रेशनचा तांदूळ मात्र फोर्टिफाइड आहे. त्यात बी-12 असतं ना?

गावठी_गणित
असतं, पण हिशेब करा. फोर्टिफाइड तांदूळ आणि कणकेला नियमाप्रमाणे किलोमागे 0.75 ते 1.25 मायक्रोग्रॅम. मुलगी दिवसाला 200 ग्रॅम तांदूळ खात असेल तर 0.15 ते 0.25. गरज दोन-अडीचची. त्यातही आपल्याकडे भात भरपूर पाण्यात शिजवून पेज वेगळी काढतात, ती टाकली तर आणखी जातं. पेज प्या किंवा बेताच्या पाण्यात शिजवा. दाणे वेचून काढणारेही आहेत, ‘प्लास्टिकचे’ म्हणून. तेच तर घातलेले दाणे, शंभराला एक या प्रमाणात.
अजून एक गोंधळ: पिशवीतल्या फोर्टिफाइड दुधावरही ‘प्लस एफ’ची खूण असते, पण त्यात जास्तीचं घातलेलं असतं अ आणि ड जीवनसत्त्व. बी-12 दुधाचं स्वतःचं जे असेल तेच.

आबोली_फोंडा
मग मी दूध घेते ते पुरतं का? तीन वेळा चहा होतो.

गावठी_गणित
चहात दूध किती, 50 मि.लि.? 100 मि.लि. दुधात साधारण 0.4 ते 0.5 मायक्रोग्रॅम. तीन चहांचं मिळून 0.7 झालं, आणि दूध पुन्हापुन्हा उकळलं की त्यातलंही घटतं. ‘दूध घेतो म्हणून आम्हाला काळजी नाही’ म्हणणारे शिवराक लोक इथेच फसतात. दोन मोठे पेले दूध आणि वाटीभर दही रोज होत असेल तर गोष्ट वेगळी. तुम्हीही एकदा तपासून घ्या.

मडगाव_57
मी मधुमेहाला मेटफॉर्मिन घेतो, मासे आठवड्यातून चारदा. तरी माझं 190 आलं. मग हा शाकाहाराचा प्रश्न कसा?

बांबोळीचा_सूक्ष्मदर्शक
मडगावकर, तुमचा रस्ता वेगळा. ताटात आहे, पण मेटफॉर्मिनमुळे शोषण कमी होतं. आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तरी तसंच. वेगळा धागा काढा.

आबोलीताई, डॉक्टरांचा उपचार संपल्यावर पुढे काय, ते सांगतो. आतड्याचा तो वाहक एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच नेतो, मग काही तास थकतो. त्यापलीकडचं सुमारे 1 टक्काच आपोआप झिरपतं. म्हणून तीन वाटा आहेत. एक: दिवसातून दोन-तीनदा फोर्टिफाइड पदार्थ, मिळून निदान 3 मायक्रोग्रॅम. दोन: रोज 10 ची गोळी, त्यातलं साधारण दीड आत जातं. तीन: आठवड्यातून एकदा 2000, त्यातून वाहकाचे दीड आणि झिरपलेले 20, म्हणजे दिवसाला तीनच्या आसपास.
पहिली वाट इथे कठीण. 0.5 वालं सोया दूध 600 मि.लि. रोज प्यावं लागेल. न्यूट्रिशनल यीस्टही बी-12 घातलेलं असेल तरच, नुसत्या यीस्टमध्ये ते नसतं. घटकांच्या यादीत सायनोकोबालमिन शोधा.

औषधवाली_ताई
काउंटरवर ‘बी-12 द्या’ म्हटलं की बहुधा मिथाइलकोबालमिन 1500 सोबत आणखी चार औषधं असलेली गोळी हातात पडते. त्यात बी-6 जास्त असेल आणि महिनोन्‌महिने घेतली तर बी-6 नेच मुंग्या येऊ शकतात. एकटं बी-12 मागा, पट्टी उलटून वाचा. कॅप्सूल असेल तर जिलेटिन आहे का विचारा, औषधाच्या पट्टीवर हिरवा ठिपका असेलच असं नाही. आतलं बी-12 जीवाणूंपासूनच बनवतात, त्याची चिंता नको.

हणजुणे_वारा
मिथाइल शरीरात थेट वापरता येतं म्हणे. मग सायनो कशाला?

औषधवाली_ताई
पेशीत गेल्यावर दोन्हींचा तो वरचा, म्हणजे मिथाइल किंवा सायनो, तुकडा निघतोच. सायनो जास्त टिकाऊ आणि स्वस्त. इकडचे डॉक्टर मिथाइलच जास्त लिहितात. लिहिलंय ते घेऊ द्या.

आबोली_फोंडा
उद्या सकाळची वेळ मिळाली. स्पिरुलिना आजपासून बंद, मिथाइलमॅलोनिकचं रक्त आधी देतो, गोळी त्यानंतर. इथे फोंड्यात ती तपासणी होत नाही, नमुना बाहेर पाठवतात, आठ दिवस लागतील म्हणाले. तोवर उपचार थांबवायचा का?

बांबोळीचा_सूक्ष्मदर्शक
अजिबात नाही. रक्त दिलं की नमुना झाला, त्यानंतर त्याच दिवशी डॉक्टरांनी सुरू केलं तरी चालतं. आणि फेरिटिन 9 चा कागद वेगळा दाखवा, तो कोणी पाहिल्याचं दिसत नाही.