मदत हवी आहे: गोलात एक सोडून एक बाद, शेवटी कोण उरतो? आणि बायनरीचा काय संबंध?

राजारामपुरीची_आई
नमस्कार. मुलगा आठवीत आहे, स्पर्धा परीक्षेची तयारी चाललीय. त्याच्या क्लासच्या वहीत एक गणित आहे, १३ जण गोलात उभे, १ पासून सुरुवात, पहिला राहतो दुसरा बाद, तिसरा राहतो चौथा बाद, असं एकच उरेपर्यंत. उत्तर ११ दिलंय. काल जेवणं झाल्यावर आम्ही फरशीवर खडूनं आकडे लिहून त्यावर चिंचोके मांडले आणि तीनदा करून बघितलं, तिन्ही वेळा १ उरला. मग २० चिंचोके घेतले तरी परत १, वहीत मात्र ९ आहे. खाली सरांनी "बायनरीत पहिला अंक शेवटी न्या" एवढंच लिहिलंय. आमचं चुकतंय कुठं आणि अंक नेण्यामागं कारण काय? पाठ करायचं नाहीय त्याला, कळायला पाहिजे.

गंगावेस_कट्टा
ताई उत्तर ८ येणार बघा. १३ च्या आतली दोनाची सगळ्यात मोठी घात ८, तोच उरतो, आम्हाला शाळेत असंच शिकवलं होतं.

जुना_खडू
कट्टेकर, दोनाची घात लागते हे बरोबर, पण तुमचं गणित रांगेचं आहे. रांगेत १, ३, ५ अशा जागांवरचे काढायचे आणि दरवेळी परत पहिल्यापासून मोजायचं, तिथं ८ वाला उरतो. इथं ८ तर पहिल्याच फेरीत जातो.

ताई, तुमचं उत्तर दरवेळी १ येतंय म्हणजे तुम्ही प्रत्येक फेरी नव्यानं १ पासून सुरू करताय. तसं केलं की १ ला कधी हातच लागत नाही. खरं म्हणजे फेरी तुटत नाही. १२ बाद झाला, १३ राहिला, की पुढचा बाद १ आहे. मग ३ राहतो ५ जातो, ७ राहतो ९ जातो, ११ राहतो १३ जातो. उरले ३, ७, ११. पुढं ३ राहतो ७ जातो, ११ राहतो ३ जातो.

राजारामपुरीची_आई
हो हो, अगदी तेच करत होतो! आत्ता परत मांडलं, ११ आला. पण बायनरी?

जुना_खडू
आधी ८ चिंचोके घ्या. संख्या सम असली की फेरी बरोबर सुरुवातीच्या माणसाच्या अलीकडं संपते आणि पुढची परत त्याच्यापासूनच सुरू होते. ८ चे ४, ४ चे २, २ चा १, कुठंही विषम आकडा येत नाही म्हणून ज्याच्यापासून मोजायला घेतलं तोच उरतो.

आता १३ म्हणजे ८ आणि वर ५. ते वरचे ५ बाद होऊ द्या, २, ४, ६, ८, १०. आता उरले ८ आणि पाळी आली ११ वर, म्हणजे ११ च उरणार. वरचे जेवढे त्याची दुप्पट अधिक १, बास.

बायनरीत १३ म्हणजे ११०१. डावीकडचा १ म्हणजे तो ८, तो काढला की वरचे ५ राहतात, १०१. दुप्पट करायची म्हणजे शेवटी शून्य, १०१०, आणि एक मिळवला की १०११, म्हणजे ११. पुढचा १ काढून मागं लावला तर हेच होतं.

राजारामपुरीची_आई
पोरानं २० स्वतः केलं. १६ आणि वर ४, बाद २, ४, ६, ८, पाळी ९ वर. बायनरीत १०१०० चं ०१००१, पुढचं शून्य गेलं की ९. चिंचोक्यांनी पण ९ च आला.

तालीम_शेजारी
आमच्यात जेवणानंतर भांडी कोण घासणार ते असंच ठरवतात ओ, पण आम्ही तिसरा बाद करतो. आम्ही पण १३ जण, मी ११ वर उभारलो तर मीच शेवटी राहणार का?

जुना_खडू
नाही, हा नियम दुसरा बाद असेल तेव्हाचाच. तिसऱ्याला अशी अंक फिरवायची युक्ती चालत नाही, एका माणसापासून वर चढत यावं लागतं. प्रत्येक माणूस वाढला की उत्तर ३ नं पुढं सरकतं आणि गोलाबाहेर गेलं की परत सुरुवातीपासून मोजायचं. १० जणांत ४ था उरतो, मग ११ त ७ वा, १२ त १० वा, १३ त १३ वा. योसेफस नावाच्या जुन्या ज्यू इतिहासकाराची ४१ जणांची गोष्ट सांगतात त्यातही तिसराच बाद असतो, तिथं ३१ वा उरतो.

गंगावेस_कट्टा
आमच्या पुतण्याच्या पुस्तकात १३ ला १२ दिलंय, आणि नियम दुसराच बाद. मग ते चूक?

जुना_खडू
सुरुवात बघा. पहिला बाद १ च असेल तर सगळं एका जागेनं मागं येतं, ११ चा १० होतो. १२ कसा आला ते प्रश्न बघितल्याशिवाय नाही सांगता येणार, पूर्ण लिहा.

राजारामपुरीची_आई
पोरगा आता उत्तरावर परत तेच करत बसलाय, १३ चे ११, ११ चे ७, ७ चे परत ७. विचारतोय की कुठल्याही आकड्यापासून सुरू केलं तरी शेवटी नुसते १ च १ राहतात का?