चीजबरोबर रेड वाइनच : हा नियम कुठवर चालतो?

तन्वी_क : ब्री, रोकफोर आणि जुनं चेडर एकाच ताटात मांडायचं आहे. ‘चीजबरोबर रेड’ म्हणून काबर्ने सोव्हिन्यों उघडली. चेडरबरोबर मस्त लागते, ब्रीबरोबर मात्र कडू, लोखंड चाटल्यासारखी. बाटली खराब असेल का?

तळघर : खराब असती तर चेडरबरोबरही कळलं असतं. काबर्नेत टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतला तुरट घटक, भरपूर असतं. मुरलेल्या चेडरमध्ये पाणी कमी, प्रथिनं आणि स्निग्धांश जास्त. टॅनिन त्यांना धरतं आणि जिभेवरचा तुरटपणा उतरतो. ब्रीची अडचण बहुतेक वेळा पांढऱ्या सालीत असते. ती मुळात कडसर, आणि चीज जास्त पिकलं की तिला अमोनियाचा वास येतो. पडताळा सोपा आहे : साल काढून फक्त मधला भाग खा, मग घोट घ्या. कडूपणा बराच कमी झाला तर दोष सालीचा. सालीसकट खायचं असेल तर ब्रूट, म्हणजे कोरडी, शॅम्पेन किंवा ओकमध्ये न ठेवलेली शार्दोने घ्या. तिथे आंबटपणा सायीचा थर कापतो आणि टॅनिन आड येत नाही.

रोकफोरला काबर्ने देऊच नका. निळ्या बुरशीच्या तिखट चवीपुढे कोरड्या रेडमधली फळाची चव दबते, कडूपणा उरतो. तिथे मिठाला साखर हवी : सोतेर्न, 10–12 अंशांवर, छोट्या ग्लासात.

अनिकेत_प : इतकं कशाला? ज्या भागातलं चीज, त्याच भागातली वाइन. शाविन्योलचं बकरीचं चीज आणि सान्सेर, कोंते आणि जुराची व्हँ जोन. चुकत नाही.

तळघर : ही दोन्ही उदाहरणं अचूक आहेत, पण त्यावरून नियम होत नाही. कामांबेर नॉर्मंडीचं, तिथे सफरचंदाची सिडर पितात. रोकफोर आव्हेरोंचं, सोतेर्न बोर्दोची. स्टिल्टन इंग्लंडचं, पोर्ट पोर्तुगालची.

अनिकेत_प : म्हणजे अपवाद आहेत. नवख्याला सुरुवात करायला माझाच नियम बरा.

मीरा_जे : मी ब्री मध घालून ओव्हनमध्ये भाजते. ब्रूटबरोबर दिली तर वाइन आंबटढोण लागली. म्हणजे शॅम्पेनचा सल्लाही फसतोच की!

तळघर : मधामुळे पदार्थच बदलला. वाइन निदान पदार्थाइतकी गोड हवी, नाहीतर ती आंबट आणि पातळ वाटते. डेमी-सेक, म्हणजे गोडसर शॅम्पेन, घेऊन बघा.

तन्वी_क : तिन्हींना मिळून एकच बाटली घ्यायची झाली तर?

तळघर : किंचित गोड रिस्लिंग. रोकफोरपुढे थोडी कमी पडेल, पण कशालाच बिघडवणार नाही. चीज तासभर आधी फ्रिजबाहेर काढा. थंडगार चीजला चवच नसते.

अनिकेत_प : जुन्या चेडरला रिस्लिंग पुरत नाही, असं माझं ठाम मत. टॉनी पोर्ट घ्या, रोकफोरही सांभाळला जातो.

तळघर : आणि ब्री? पोर्टपुढे तिचा मागमूसही राहत नाही.