मदत हवी आहे: सल्लागाराने आईचे शेअर तोट्यात विकले, ईमेलचा अर्थ काय?

नमस्कार मंडळी, आईच्या सल्लागाराचा काल ईमेल आला. त्यांनीच सुचवलेल्या कंपनीचे 200 शेअर 640 ला घेतले होते ते 455 ला विकले, म्हणजे 37,000 चा तोटा. कारण दिलंय की प्रमोटरने तारण ठेवलेले शेअर वाढले आणि ऑडिटरने वर्ष संपायच्या आत राजीनामा दिला. कारण मला पटतंय, असं झाल्यावर "थांबू, भाव परत येईल" म्हणत बसण्यात अर्थ नसतो.

पण विकताना आईला विचारलंच नाही हो! करार फक्त सल्ल्याचा आहे, पीएमएस नाही, मग निर्णय आईचाच हवा ना? टीपिनचा ओटीपीसुद्धा मोबाईलवर आला नाही, म्हणजे खातं उघडताना डीडीपीआयवर सही घेतली असणार, पण ती ब्रोकरसाठी असते आणि तिने फक्त शेअर खात्यातून जातात, ऑर्डरला संमती लागतेच असं मला वाटतं. बरोबर आहे का?

संमतीची नोंद लेखी मागू की थेट सेबीच्या स्कोअर्सवर तक्रार टाकू? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा, आई दोन दिवस नीट जेवली नाहीये.