दोन 'शेवटची भोजनं', एक विधान

> कोल्हापुरात कलाशिक्षण घेतोय. लिओनार्दो आणि तिंतोरेत्तोचं 'शेवटचं भोजन' ही चित्रं तुलनेला घेतलीत, पण निबंधात नुसती दोन वर्णनं होताहेत.

भावा, आधी विधान ठरव: लिओनार्दो (१४९५–९८) येशू शिष्याचा विश्वासघात जाहीर करतो तो क्षण रंगवतो, तिंतोरेत्तो (१५९२–९४) भाकर देण्याचा विधी, म्हणून मांडणी बदलते. मग प्रत्येक परिच्छेदात एकच मुद्दा आणि दोन्ही चित्रं.

टेबलच घे. लिओनार्दोचं समोर आडवं, खोलीच्या रेषा येशूच्या डोक्याशी मिळतात. धक्का त्याच्यापासून दोन्हीकडे पसरतो. तिंतोरेत्तोचं तिरकं, येशू मागे. तो त्याच्या प्रभावळीच्या उजेडानंच सापडतो, म्हणजे विधीचं पावित्र्य प्रकाशातून येतं.

परिच्छेदात 'म्हणून' किंवा 'म्हणजे' आलं नाही, तर ते अजून वर्णनच आहे. चित्रकारांची चरित्रं सरळ गाळ.