212 पानांचा वार्षिक अहवाल एका पानात: वर नफा लिहायचा की रोकड?

लातूरचा पुतण्या:
माझे काका आणि मोंढ्यातले त्यांचे तीन आडते मित्र शेअरमध्ये पैसे टाकतात. सोयाबीनची आवक सुरू झाली की त्यांना मान वर करायला वेळ नसतो. ठिबकचे पाईप करणाऱ्या एका लिस्टेड कंपनीचा 212 पानी अहवाल आलाय आणि "एका पानात सांग" म्हणाले. मी पान केलंय: विक्री 420 वरून 500 कोटी, नफा 30 वरून 38 कोटी, लाभांश, नवीन प्लांट आणि अध्यक्षांच्या पत्रातले तीन मुद्दे. अजून काय घालू?

वाळूजवाला:
पुरेसं आहे की! विक्री वाढली, नफा वाढला, लाभांश मिळतोय. आडत्या माणसाला यापुढं काय पाहिजे? शिवाय कंपनी कायद्यातच सोय आहे. कलम 136 प्रमाणे लिस्टेड कंपनी अख्ख्या अहवालाऐवजी ठळक बाबींचा फॉर्म एओसी-3 पाठवू शकते. तोच मागवा, स्वतः कशाला डोकं लावता?

संभाजीनगरची सीए:
फॉर्मची सोय आहे हे बरोबर. पण त्याचे रकाने आधीच ठरलेले असतात आणि या चौघांनी कंपनीला काय विचारावं, हे तो सांगत नाही. पुतण्या, तुमचं पान अध्यक्षांच्या पत्रावरून केलेलं दिसतंय. आता कॅश फ्लोच्या पानावरची पहिली बेरीज बघा, म्हणजे धंद्यातून हातात आलेली रोकड. मग ताळेबंदातली येणी आणि त्याच येण्यांची टीप बघा. दोन्ही वर्षांचे आकडे इथं टाका. सगळे एकाच हिशोबातून घ्या, उपकंपन्या धरून केलेल्या एकत्रित किंवा एकट्या कंपनीच्या स्वतंत्र. विक्री एकत्रित हिशोबातली आणि नफा स्वतंत्र हिशोबातला, अशी सरमिसळ फार होते.

लातूरचा पुतण्या:
ताई, तपासलं. सगळे आकडे एकत्रित हिशोबातलेच आहेत. धंद्यातली रोकड मागल्या वर्षी 26 कोटी होती, यंदा उणे 4 कोटी. येणी 140 वरून 205 कोटी. अल्पमुदतीचं कर्ज 70 वरून 112 कोटी. नफा 38 कोटी असताना रोकड उणे कशी, ते मला कळेना.

संभाजीनगरची सीए:
आता बघा, नफ्याचा पैसा कुठं अडकला ते. 38 कोटी नफ्यात 12 कोटी घसारा मिळवा, तो खर्च असला तरी खिशातून जात नाही. 9 कोटी व्याज मिळवा, कारण या कंपनीनं ते कॅश फ्लोत खाली, कर्जाच्या भागात दाखवलंय असं धरते. झाले 59. त्यातून येणी वाढली ती 65 कोटी वजा झाली. उरलेला फरक मालाच्या साठ्याचा आणि पुरवठादारांच्या देण्यांचा असणार, तो तुमच्या अहवालात ताडून बघा. म्हणजे विक्री 80 कोटींनी वाढली, पण 31 मार्चला बाहेर अडकलेला पैसाही 65 कोटींनी वाढला होता. विक्रीच्या मानानं उधारी 122 दिवसांवरून 150 दिवसांवर गेली. प्लांटचा आणि व्याजाचा पैसा मग बँकेकडून आला. काकांच्या खतावणीत हेच घडलं असतं तर त्यांनी त्याला नफा म्हटलं नसतं, "माल गेला, पैसा यायचाय" म्हटलं असतं.

म्हणून पानाच्या डोक्यावर ही गोष्ट लिहा. विक्री आणि नफा त्याखाली एका ओळीत.

अंबाजोगाईचे निवृत्त सर:
मला ही एका पानाची कल्पनाच पटत नाही. मी वाणिज्य शिकवत आलो. मुलं गाईड वाचून पास व्हायची आणि ताळेबंद समोर ठेवला की गप्प बसायची. आज ताईंनी उधारी शोधली. उद्या दुसऱ्या कंपनीत गोम लेखापरीक्षकाच्या शेऱ्यात असेल, तिसरीत संचालकांच्या नातलगांच्या फर्मशी झालेल्या व्यवहारात. पानावर काय घ्यायचं हे ठरवायला आधी 212 पानं वाचावीच लागतात. आणि वाचणारा पुतण्या चुकला तर चौघंही त्याच्याबरोबर चुकतात.

संभाजीनगरची सीए:
सर, करणाऱ्यानं सगळा अहवाल वाचावा, हे मान्यच. पण ते चौघं 212 पानं वाचणार नाहीत. आज त्यांच्या हातात अध्यक्षांचं पत्रच पडणार आहे. प्रत्येक आकड्यापुढं अहवालाचा पान क्रमांक लिहिला, तर ज्याला शंका येईल तो निदान ते एक पान उघडेल.

अंबाजोगाईचे निवृत्त सर:
पान क्रमांकाचं ठीक. पण कुणी उघडणार नाही, हे माझं मत कायम आहे.

जालन्याचा ठिबक डीलर:
मी बारा वर्षं ठिबक विकतोय. ठिबकच्या धंद्यात अनुदानाचा पैसा उशिरा येतो, पण सरकारी पैसा बुडत नाही. उधारी वाढली म्हणून कंपनी वाईट ठरवू नका.

संभाजीनगरची सीए:
भाऊ, अर्धं पटतं. पण आपल्या राज्यात अनुदान महाडीबीटी पोर्टलवरून शेतकऱ्याच्या खात्यात जातं. मग कंपनीच्या खात्यात ती उधारी कुणाच्या नावावर?

जालन्याचा ठिबक डीलर:
आमच्या, म्हणजे डीलरच्या. शेतकरी म्हणतो अनुदान आल्यावर देतो, आम्ही कंपनीला म्हणतो तुमचं नंतर देतो. पाऊस कमी झाला की तेही लांबतं, माझेच मागच्या हंगामाचे पैसे अजून गावात आहेत. गुजरातेत मात्र अनुदानाचे पैसे जीजीआरसी या तिथल्या संस्थेमार्फत कंपनीला मिळतात, असं आमचा एरिया मॅनेजर सांगतो.

संभाजीनगरची सीए:
म्हणजे 205 कोटींत सरकारचे किती आणि डीलरांचे किती, हा खरा प्रश्न. 2021 च्या दुरुस्तीपासून कंपनी कायद्याच्या परिशिष्ट 3 मध्ये उधारीच्या वयाचा तक्ता सक्तीचा आहे: सहा महिन्यांच्या आतली, सहा महिने ते वर्ष, मग एक ते दोन, दोन ते तीन आणि तीन वर्षांवरची. पुतण्या, त्यात वर्षावरची किती आहे? आणि बुडीतासाठी किती तरतूद केलीय?

लातूरचा पुतण्या:
वर्षावरची 58 कोटी. तरतूद 6 कोटी. त्यातलं सरकारी किती, ते कुठंच सापडलं नाही.

संभाजीनगरची सीए:
त्या तक्त्यात ती वाटणी नसतेच. वादातली आणि वाद नसलेली, येण्यासारखी आणि शंकास्पद, एवढंच दिसतं. 52 कोटी येतील असं कंपनी धरून चाललीय. ते न आले तर वर्षभराचा नफा जाऊन वर तोटा उरतो. हे वाक्य पानावर असू द्या, पण "बुडणार" असं लिहू नका. ते आपल्याला माहीत नाही.

परभणीचा जिनिंगवाला:
माझ्या कॅश क्रेडिट कर्जावर 90 दिवसांवरची उधारी बँक धरतच नाही. स्टॉक स्टेटमेंट दिलं की तेवढी वजा करून उचल देते. मग यांना वाढीव 42 कोटी कशावर मिळाले?

संभाजीनगरची सीए:
छान विचारलंत. येणी-साठ्याच्या तारणावरची खेळत्या भांडवलाची कर्जमर्यादा 5 कोटींच्या वर असली की, बँकेला दिलेली तिमाही पत्रकं आणि वह्या जुळतात का, हे लेखापरीक्षकाला कारो 2020 या सरकारी आदेशाखाली लिहावं लागतं. स्वतंत्र हिशोबावरच्या लेखापरीक्षण अहवालाच्या जोडपत्रात, दुसऱ्या कलमात बघा. फरक असेल तर तो पानावर घ्या. नसेल तर "जुळतात" एवढं लिहा.

वाळूजवाला:
एवढ्यानं काका शेअर विकून मोकळे होतील! एका वाईट वर्षावरून?

संभाजीनगरची सीए:
विका किंवा ठेवा असं पानावर लिहायचंच नाही. आणि एका वर्षावर ठरवू नये हे तुमचं बरोबर. मागच्या दोन अहवालांतून आणखी आकडे काढून चार वर्षांचा नफा आणि रोकड शेजारी मांडा. तीनदा रोकड नफ्याच्या आसपास असेल तर यंदाचं कारण विचारायचं. दरवर्षी मागं असेल तर तो कंपनीचा स्वभाव.

लातूरचा पुतण्या:
आधीच्या दोन वर्षांची रोकड 19 आणि 22 कोटी, नफा 24 आणि 27. म्हणजे थोडी कमी, पण उणे कधीच नाही. पत्रकं जुळतात असं जोडपत्रात आहे. पान नव्यानं केलं, आकड्यांपुढं पान क्रमांक घातलेत. वार्षिक सभा व्हिडिओवर आहे, काकांच्या नावानं वक्ता म्हणून नोंदणी करतोय. 58 कोटींतले सरकारचे किती, एवढाच प्रश्न विचारतो.

अंबाजोगाईचे निवृत्त सर:
उत्तर मिळालं तर इथं टाका. आणि मूळ अहवाल काकांच्या गादीवर ठेवा, पानाबरोबर.