मदत हवी आहे: दोन शिफारसपत्रं, एक नुसतं कौतुकाचं, एक उणीवही सांगणारं. वजन कशाला द्यावं?

खाडीकाठची

नमस्कार. सिंधुदुर्गातल्या एका छोट्या विश्वस्त संस्थेच्या निवड समितीवर यंदा आहे. फेलोशिप एका वर्षाची. खाडीत तिसऱ्या आणि कालवं काढणाऱ्या बायकांबरोबर हिंडून नोंदी ठेवायच्या आणि दर तीन महिन्यांनी लेखी अहवाल द्यायचा. शेवटच्या फेरीत दोघं उरलेत, अर्ज जवळपास तोलामोलाचे. आता भिस्त पत्रांवर. नावं, कॉलेजं काढून मुख्य मजकूर देते.

पत्र अ: "गेली 15 वर्षं मी अध्यापन करत आहे. इतका मेहनती, नम्र आणि शिस्तप्रिय विद्यार्थी क्वचितच भेटतो. स्नेहसंमेलनात त्याचे नेतृत्वगुण सर्वांना दिसले. संधी मिळाल्यास तो तिचं सोनं करील. मी त्याची मनःपूर्वक शिफारस करतो."

पत्र ब: "सहा वर्षांत 14 विद्यार्थ्यांनी माझ्याकडे प्रकल्प केले. प्रत्यक्ष खाडीतल्या कामात ही पहिल्या दोघांत, आकडेवारीच्या विश्लेषणात मधल्या फळीत. चार ठिकाणी 50 बाय 50 सेंमीची चौकट टाकून तिसऱ्या मोजायच्या होत्या. एका फेरीत दोन ठिकाणचे आकडे एकदम निम्म्यावर आले. ती फेरी अष्टमीला झाल्याने खालचा पट्टा उघडाच पडला नव्हता, हे तिने स्वतः शोधलं. अमावास्येला पुन्हा मोजणी केली. जुने आकडे खोडले नाहीत, शेरा लिहून वेगळे ठेवले. लिखाण मात्र संथ. अहवालाचा पहिला मसुदा पाच आठवडे उशिरा आला, दुसरा वेळेवर."

समितीतल्या चौघांपैकी तिघांचा कल अ कडे. "ब च्या सरांनीच तक्रार केलीय, मग आपण कशाला घ्या?" मला हे पटत नाही, पण मुद्देसूद मांडता येत नाहीये.

गुहागरचे_गुरुजी

आपल्याकडे शिफारसपत्रात वाईट लिहायची रीतच नाही. भिडेखातर सगळे गोडच लिहितात. तरीही कुणी उणीव लिहिली, तर खरी उणीव त्याच्या दुप्पट धरावी. तिघांचं बरोबर आहे.

सागरगोटा

गुरुजी, अर्धं पटलं. भिडेखातर गोड लिहितात हे खरं. पण मग त्याच न्यायाने अ मधलं गोडही भिडेचंच, त्याला शून्य किंमत द्यायला हवी. तुम्ही एका पत्राला सूट देताय आणि दुसऱ्याला दंड.

सूचक इशारा असतो तो वेगळा आणि तो बहुधा धूसर असतो. "योग्य मार्गदर्शन मिळाल्यास चांगलं काम करू शकेल", "आपल्या परीने प्रयत्न करतो". किंवा संशोधनाच्या फेलोशिपला लिहिताना फक्त हजेरी आणि हस्ताक्षराची तारीफ. तिथे लिहिणाऱ्याला काही सांगायचंय पण सांगवत नाही, असं समजायला जागा आहे. ब मध्ये उलट आहे. उणीव कुठली, किती आणि पुढे काय झालं, तिन्ही लिहिलंय. पाच आठवडे उशीर, मग दुसरा मसुदा वेळेवर. लपवायचं असतं तर हे वाक्यच आलं नसतं. आणि ज्या माणसाने "विश्लेषणात मधल्या फळीत" असं लिहायचं धाडस केलं, त्याचं "पहिल्या दोघांत" मी जास्त खरं मानीन.

खाडीकाठची, समितीला एक काम करायला सांगा. दोन्ही पत्रांवर पेन्सिल घेऊन बसायचं आणि जे वाक्य दुसऱ्या कुठल्याही मुलाच्या पत्रात जसंच्या तसं चिकटवता येईल, ते खोडायचं. अ मध्ये काय उरतं? स्नेहसंमेलन. तेही "सर्वांना दिसले" एवढंच. सरांनी काय पाहिलं, मुलाने काय केलं, ते नाही. ब मध्ये जवळजवळ सगळं उरतं.

उरलेल्या वाक्यांत चार गोष्टी शोधायच्या: अडचण काय होती, या मुलीने काय केलं, त्याने काय बदललं आणि लिहिणाऱ्याला ते कसं कळलं. चौकटीच्या प्रसंगात पहिल्या तीन स्पष्ट आहेत. चौथी थोडी कच्ची आहे. सर तिच्याबरोबर खाडीत होते, की तिने सांगितलं म्हणून लिहिलं, ते कळत नाही. हे विचारण्यासारखं आहे.

मालवणी_माणूस

अष्टमीची गोष्ट बरोबर असा. अष्टमीक भांग असता, पाणी व्हया तसा सुकत नाय. खालच्या पट्ट्यातल्या तिसऱ्यो पाण्याखालीच रवतत. अमावास्या-पुनवेच्या उधाणाक सुकती मोठी लागता, तेव्हा तो पट्टो उघडो पडता. घरात बसान लिवणाऱ्याक ह्यां सुचाचा नाय.

सागरगोटा

हेच. असा तपशील पडताळता येतो, ही त्याची खरी किंमत. तारीख मागा आणि पंचांग उघडून तिथी बघा. तिच्या वहीतल्या त्या फेरीच्या दोन पानांचे फोटो मागा. शेरा तिथे दिसायला हवा. शिवाय आकडे चौरस मीटरमागे दिले असतील, तर चौकटीतल्या सरासरीच्या चौपट हवेत, कारण ती चौकट पाव चौरस मीटरची. तो हिशेब जुळला की पत्र आणि काम एकाच माणसाचं आहे एवढं तरी कळतं.

कोकणकन्या_दापोली

माझ्या भाचीलाही अशाच फेलोशिपसाठी पत्र हवंय. सर म्हणालेत, तूच लिहून आण, मी सही करतो. कुणाकडे तयार नमुना आहे का? लवकर हवाय.

सागरगोटा

ताई, धागा पत्र जोखण्याचा आहे, पण तुमच्या प्रश्नाचाही त्याच्याशी संबंध आहे. नमुना घेऊ नका. भाचीने सरांना पत्र न देता अर्ध्या पानाचं टिपण द्यावं: कुठलं काम, कधी, सरांनी त्यातलं काय पाहिलं, काय बिघडलं होतं. विशेषणं सरांची सरांना घालू देत. विद्यार्थ्याने लिहून सही घेतलेलं पत्र ओळखू येतं. अर्जातली वाक्यं त्यात जशीच्या तशी असतात, बघणाऱ्याची नजर कुठेच नसते आणि तुलना तर नसतेच, कारण बाकीच्या मुलांबद्दल विद्यार्थ्याला काय ठाऊक?

खाडीकाठची

तुलनेचंच विचारायचं होतं. आमचे एक सदस्य म्हणतात, "15 वर्षांत क्वचितच" ही 14 जणांतल्या तुलनेपेक्षा मोठी तुलना आहे.

सागरगोटा

वर्षं मोठी आहेत, तुलना नाही. तुलनेला कोणाशी, किती जणांशी आणि कशात, हे तीन लागतं. "क्वचितच" म्हणजे दहात एक की पाचशेत एक? आणि कशात, तर नम्रतेत. तुमच्या कामाला नम्रता लागेलही, पण तिच्यावरून नोंदी नीट ठेवील की नाही ते कळत नाही.

ब मधल्या 14 चीही मर्यादा आहे. हे 14 म्हणजे त्या सरांकडे स्वतःहून गेलेले, म्हणजे आधीच खाडीत उतरायची आवड असलेले. त्यांच्यात पहिल्या दोघांत असणं चांगलंच. पण त्याचं "अव्वल 15 टक्के" असं भाषांतर करू नका, इतक्या कमी जणांत टक्केवारीला अर्थ नसतो. जुन्या फायली असतील तर आणखी एक बघा: याच सरांनी आधी कुणासाठी पत्र लिहिलंय का आणि त्यालाही "पहिल्या दोघांत" म्हटलंय का. दरवर्षी कुणीतरी पहिल्या दोघांत असेल, तर त्या जागा फार झाल्या.

अनुजा_रत्नागिरी

एक मुद्दा राहतोय. ब मुलगी आहे. मुलींच्या पत्रांत शंका पेरणारी वाक्यं जास्त येतात, यावर अभ्यास झालाय. 2003 साली ट्रिक्स आणि सेन्का या संशोधकांनी अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्राध्यापकपदांसाठी आलेली तीनशेहून अधिक पत्रं तपासली होती. स्त्रियांची पत्रं सरासरीने आखूड होती, त्यांत शंका निर्माण करणारा मजकूर जास्त होता आणि संशोधनापेक्षा कष्टाळूपणावर भर होता. मग ही "संथ"ची नोंद त्यातलीच नाही ना? तो मजकूर वजाच करावा असं मला वाटतं.

सागरगोटा

सावध राहणं योग्य, पण इथे मी वजा करणार नाही. पुराव्याशिवायची शंका असती, जसं "घरच्या जबाबदाऱ्यांतून वेळ काढू शकेल का बघावं लागेल", तर जरूर वजा. पाच आठवडे ही घडलेली गोष्ट आहे. शिवाय गंमत बघा, इथे कष्टाळूपणाचं पत्र मुलाचं आहे.

आणि ही उणीव तुमच्या कामाशी थेट संबंधित आहे, ते टाळून चालणार नाही. तीन महिन्यांनी अहवाल हवाय. संस्थेचं पत्रक तिमाहीला छापलं जात असेल, तर पाच आठवडे म्हणजे अंक गेला. उशीर कशाने झाला ते सरांना विचारा. लिहायला वेळ लागला, की दोन ठिकाणं पुन्हा मोजावी लागली म्हणून काम लांबलं? दुसरं कारण असेल तर ती उणीव धरूच नये. पहिलं असेल, तर कच्च्या नोंदी दर महिन्याला द्यायची अट घाला, म्हणजे घसरण तिसऱ्या महिन्याआधीच दिसेल.

गुहागरचे_गुरुजी

ठीक आहे, ब बद्दलचं मागे घेतो. पण मग अ च्या मुलाने काय पाप केलं? त्याच्या सरांना लिहिता येत नाही, यात त्याचा काय दोष?

सागरगोटा

काहीच दोष नाही, आणि हा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात अवघड आहे. अ चं पत्र वाईट नाही, रिकामं आहे. रिकाम्या पत्राने मुलगा कमी ठरत नाही, फक्त त्याच्याबद्दल कळत काही नाही. गुण देताना पुरावा, तुलना आणि समतोल यांना प्रत्येकाने वेगवेगळे 0 ते 3 द्यावेत आणि चर्चेआधीच कागदावर लिहावेत, शेजारी ते गुण कुठल्या वाक्यावरून दिले तेही. पण जिथे माहितीच नाही तिथे 0 न लिहिता रेघ मारावी. नाहीतर 90 जणांच्या वर्गाला शिकवणाऱ्या सरांचा विद्यार्थी दरवेळी मार खातो आणि लहान विभागातला पुढे जातो.

मग रेघा भरायला दोन्ही सरांना एकच मेल पाठवा, उत्तराला आठ दिवस. प्रश्न असे: तुम्ही स्वतः पाहिलेलं त्याचं किंवा तिचं एक काम सांगा, ज्यात काही अडलं होतं. अशाच कामात तुम्ही पाहिलेल्या किती विद्यार्थ्यांशी तुलना करता आहात आणि त्यांत जागा कुठे? या वर्षभराच्या कामात कशाला मदत लागेल? दोघांना तेच, शब्दही तेच.

खाडीकाठची

मसुदा समितीत ठेवला. दोघांना पटला. अध्यक्ष म्हणतात, अ च्या सरांना आता नमुना हातात मिळतोय, ब च्या सरांनी ते न विचारता लिहिलं होतं, मग हा ब वर अन्याय. आणि पुढच्या वर्षीपासून हे प्रश्न अर्जाबरोबरच द्यायचे हे मान्य, पण यंदाचं काय?

अनुजा_रत्नागिरी

अध्यक्षांचं मला पटतंय. मुदत संपल्यावर नवी माहिती घेऊ नये. त्यापेक्षा दोघांना मुलाखतीला बोलवा आणि खाडीतच न्या.

मालवणी_माणूस

नेतलास तर अष्टमीक नेव नकात.

सागरगोटा

मुलाखत घ्याच, पण ती पत्राची जागा घेत नाही. तासाभरात पाच आठवड्यांचा उशीर दिसत नाही आणि आकडे न खोडणंही दिसत नाही. अध्यक्षांचा आक्षेप मात्र खोटा नाही. मी तरी विचारीन आणि अ कडून आलेलं उत्तर "विचारल्यावर दिलेलं" अशा शेऱ्यासह वेगळ्या रकान्यात लिहीन. त्याला किती वजन द्यायचं, ते उत्तर उघडण्याआधी ठरवा.